वाशीमच्या वाट्याचे सोळा टन

पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थांबवायची असेल, आणि ती तशी थांबण्याची शक्यता निदान निम्मी हवी असेल, तर २०२५ सालच्या सुरुवातीपासून पुढे माणसाला सुमारे १३० अब्ज टनच कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता येईल, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. हे १३० अब्ज टन एका वर्षासाठी नाहीत आणि एका देशासाठीही नाहीत. साऱ्या जगासाठी आणि पुढच्या साऱ्या काळासाठी एवढेच आहेत. यालाच उर्वरित कार्बन बजेट म्हणतात. जग सध्या दरवर्षी चाळीस अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या वेगाने हा साठा तीन वर्षांत, फार तर थोडा अधिक काळ टिकून, संपतो.

एवढा मोठा आकडा कानावरून जातो, पण मनात बसत नाही. म्हणून तो आपल्या जिल्ह्यापर्यंत आणून पाहू. जगाची लोकसंख्या सुमारे ८२० कोटी आहे. १३० अब्ज टन सगळ्यांत सारखे वाटले, तर माणशी सुमारे १६ टन येतात. २०११च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. आज ती नक्कीच जास्त आहे, पण हिशेबासाठी १२ लाखच धरू. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या सगळ्या माणसांचा मिळून वाटा होतो सुमारे १ कोटी ९० लाख टन.

हा वाटा मोठा की लहान, हे शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसकडे पाहिले की कळते. पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. वर्षभर सरासरी सत्तर टक्के क्षमतेने ते चालले असे धरले, तर सुमारे ३०० कोटी युनिट वीज तयार होते. कोळशापासूनच्या विजेच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला साधारण ३० लाख टन. बारा लाख माणसांच्या कायमच्या वाट्याएवढा वायू मध्यम आकाराचे हे एक वीज केंद्र सहा-सात वर्षांत हवेत सोडते.

मुळात असा काही ठरलेला साठा असतो हे कशावरून समजले? धूर आज सोडला, उद्या सोडला, हळूहळू सोडला किंवा घाईने सोडला, तर परिणाम वेगळा व्हायला हवा असे आपल्याला वाटते. शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ तसेच वाटत होते. हवेतले प्रमाण किती असावे आणि दरवर्षीचे उत्सर्जन किती टक्क्यांनी कमी करावे, याचीच चर्चा चाले. २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात काही महिन्यांच्या अंतराने जे शोधनिबंध आले, त्यांनी ही चर्चा बदलली. ऑक्सफर्डचे माइल्स ॲलन, जर्मनीतल्या पॉट्सडॅम संस्थेत काम करणारे माल्टे माइन्सहाउझेन आणि कॅनडाचे डेमन मॅथ्यूज यांच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दाखवली. अखेरची तापमानवाढ वार्षिक उत्सर्जनावर फारशी अवलंबून नसते. ती आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते, आणि तीही जवळजवळ सरळ प्रमाणात. एकूण बेरीज दुप्पट झाली की वाढही दुप्पट.

हे सरळ प्रमाण निसर्गात आपोआप आलेले नाही. दोन उलट परिणाम एकमेकांना छेदतात, म्हणून ते दिसते. हवेत कार्बन डायऑक्साइड जसजसा वाढतो, तसतसा प्रत्येक नव्या टनाचा उष्णता अडवण्याचा जोर थोडा कमी होत जातो. पण त्याच वेळी समुद्र आणि जंगले यांची वायू शोषून घेण्याची ताकदही घटते, त्यामुळे प्रत्येक नव्या टनापैकी जास्त भाग हवेतच राहतो. एका बाजूला घट, दुसऱ्या बाजूला वाढ, आणि बेरीज जवळजवळ सारखी. उत्सर्जन पूर्ण थांबल्यावर काय होते, तेही असेच आहे. समुद्र पुढे अनेक दशके हवेतला वायू ओढत राहतो, त्यामुळे उष्णता अडवणारे पांघरूण हळूहळू विरळ होते. पण तोच समुद्र आतापर्यंत जी उष्णता पोटात घेत होता, ती घेण्याचा वेग मंदावतो. पुन्हा दोन्ही गोष्टी एकमेकींना भरून काढतात आणि तापमान साधारण आहे तिथेच थांबते. ते खाली येत नाही, पण वरही जात नाही.

म्हणूनच हा हिशेब कणगीतल्या धान्यासारखा आहे. घरातले धान्य सावकाश खाल्ले तर जास्त दिवस पुरेल, भराभर खाल्ले तर लवकर संपेल. पण कणगीत एकूण किती आहे ते खाण्याच्या वेगाने बदलत नाही, आणि ही कणगी दर सुगीला पुन्हा भरत नाही.

आता आकडा कसा काढतात ते पाहू. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, ऑगस्ट २०२१मध्ये आपल्या सहाव्या अहवालाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यातला हिशेब शाळेतल्या वजाबाकी-भागाकाराने समजतो. मर्यादा धरली दीड अंश. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०१० ते २०१९ या दशकातली सरासरी वाढ होती १.०७ अंश. उरले ०.४३ अंश. पण हे सगळे कार्बन डायऑक्साइडसाठी मोकळे नाहीत. मिथेन, नायट्रस ऑक्साइड असे इतर वायू आणि हवेतले सूक्ष्म कण यांचा पुढच्या काळातला वाटा म्हणून सुमारे एक दशांश अंश बाजूला काढावा लागतो. मग राहतात साधारण ०.३३ अंश. दर हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान ०.४५ अंशाने वाढते, हे अहवालाचे मध्यम अनुमान. ०.३३ला ०.४५ने भागले की ०.७३, म्हणजे सुमारे ७३० अब्ज टन. हा साठा दशकाच्या मध्यापासूनचा, म्हणजे २०१५च्या आसपासचा. तेव्हापासून २०१९च्या अखेरपर्यंत जगाने दोनशे अब्ज टनांहून अधिक आधीच सोडले होते, ते वजा करायचे. गोठलेली जमीन वितळून बाहेर येणाऱ्या वायूसारख्या गोष्टींसाठी आणखी थोडे कमी करायचे. उत्तर येते सुमारे ५०० अब्ज टन, २०२०च्या सुरुवातीपासून पुढचे. अहवालाच्या तक्त्यात पन्नास टक्के शक्यतेसमोर हाच आकडा छापलेला आहे.

त्या तक्त्यात त्याच दीड अंशासमोर एकूण पाच आकडे आहेत, आणि बहुतेक चुका इथेच होतात. शक्यता १७ टक्के पुरेशी असेल तर ९०० अब्ज टन, ३३ टक्के हवी तर ६५०, ५० टक्के हवी तर ५००, ६७ टक्के हवी तर ४०० आणि ८३ टक्के हवी तर फक्त ३००. पाचही आकडे बरोबर आहेत. फरक एवढाच की हजार अब्ज टनांमागची वाढ ०.४५च असेल याची खात्री कुणालाच नाही; ती ०.२७पासून ०.६३ अंशांपर्यंत कुठेही असू शकते. ती जास्त निघाली तर साठा लहान, कमी निघाली तर मोठा. खात्री जितकी जास्त हवी, तितका खर्च आधीच आखडता घ्यावा लागतो. पन्नास टक्के म्हणजे छापा-काटा. आपल्या मुलांना पावसाच्या भरवशावर वावर कसायचे आहे, आणि त्यांचे हवामान आपण छापा-काट्यावर ठेवतो आहोत. तरीही बातम्यांत बहुधा पन्नास टक्क्यांचाच आकडा येतो, आणि तो कोणत्या शक्यतेचा हे क्वचितच सांगितले जाते.

मर्यादा कोणती निवडली यानेही साठा पार बदलतो. दीड अंशाऐवजी दोन अंश चालतील म्हटले, तर २०२५च्या सुरुवातीचे १३० अब्ज टन थेट हजार अब्ज टनांच्या वर जातात. वाशीमकराच्या वाट्याचे सोळा टन सव्वाशेच्या आसपास होतात. कागदावर ही मोठी सुटका वाटते. पण त्या अर्ध्या अंशाची किंमत कोरडवाहू शेतीला द्यावी लागते. वाशीममध्ये खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे, आणि जिल्ह्याचा मोठा भाग आजही आभाळाकडे पाहून पेरतो. जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने २०१८पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम घेतला गेला, तो हवामानातल्या चढउतारांपुढे इथली शेती उघडी पडली आहे म्हणूनच. मर्यादा किती ठेवायची, हा निर्णय शास्त्र देत नाही. किती हानी सोसायची, हे माणसांनी ठरवायचे असते, आणि शास्त्र फक्त त्या निर्णयामागचे टन सांगते.

चूक तारखेचीही होते. २०२०पासूनचे ५०० आणि २०२५पासूनचे १३० हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी म्हणते की शास्त्रज्ञांचाच मेळ नाही. आपण मेळ घालून पाहू. पाच वर्षांत जगाने दरवर्षी चाळीसेक अब्ज टन सोडले, म्हणजे सुमारे २०० अब्ज टन गेले. ५००मधून २०० गेले तर ३०० उरायला हवेत. मग उरले १३०च कसे? मधले १७० अब्ज टन कुणी खर्च केलेले नाहीत. हिशेबच सुधारला गेला. लीड्स विद्यापीठाचे पियर्स फोर्स्टर यांच्या नेतृत्वाखाली साठाहून अधिक शास्त्रज्ञ दरवर्षी हे मुख्य आकडे ताजे करतात. जून २०२५मधल्या त्यांच्या अहवालात १३० अब्ज टनांचा आकडा आहे. गेल्या काही वर्षांत आधीच झालेली वाढ अपेक्षेपेक्षा जास्त मोजली गेली, आणि हवेतल्या कणांचा हिशेबही नव्याने मांडला गेला.

कणांचा हा मुद्दा थोडा थांबून समजून घ्यावा लागेल, कारण तो आपल्या अपेक्षेच्या उलट जातो. कोळसा आणि जहाजांचे जड तेल जळताना कार्बन डायऑक्साइडबरोबर गंधकाचा वायूही निघतो. त्यातून तयार होणारे कण सूर्यप्रकाश परतवतात आणि जमीन थोडी थंड ठेवतात. हे कण माणसाच्या फुप्फुसांना घातक आहेत, त्यामुळे ते कमी व्हायलाच हवेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातले गंधक अर्ध्या टक्क्यावर आणायला लावले. चीननेही त्याच्या आधीच्या वर्षांत आपली हवा बरीच स्वच्छ केली. पण कण गेले की त्यांनी झाकून ठेवलेली तापमानवाढ उघडी पडते. ती वाढ आपल्या मर्यादेतूनच वजा होते आणि कार्बन डायऑक्साइडसाठी जागा आणखी कमी राहते. हवा स्वच्छ करणे चुकीचे नाही. ती स्वच्छ करताना कोळसा मात्र जळत राहिला, हे चुकीचे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जागतिक हवामान संघटनेने २०२४ सालची सरासरी वाढ १.५५ अंश सांगितली. मग दीड अंशाची मर्यादा ओलांडली का? नाही. एका वर्षाच्या तापमानात एल निन्योसारखे चढउतार मिसळलेले असतात. कार्बन बजेटसाठी मोजतात ती अनेक वर्षांची माणसामुळे झालेली वाढ. ती २०२४मध्ये सुमारे १.३६ अंश होती. म्हणजे मर्यादा अजून ओलांडलेली नाही. पण अंतर एक-दीड दशांश अंशाचेच राहिले आहे.

आता परत वाशीमच्या वावरात येऊ. एका घराच्या वर्षभराच्या व्यवहारातून हे टन नेमके कुठे खर्च होतात? उदाहरणासाठी पाच एकरांचे एक शेतकरी कुटुंब धरू, घरात पाच माणसे. वखरणी, पेरणी, मळणी या सगळ्यांना मिळून ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राला वर्षाला ७५ लिटर डिझेल लागले असे समजू. एक लिटर डिझेल जळले की २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सुमारे २०० किलो. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी देण्यासाठी पाच एचपीची मोटर चाळीस दिवस, रोज आठ तास चालली तर सुमारे १,२०० युनिट होतात. आपल्या वीजजाळ्यातल्या सरासरी युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणून मोटरचे झाले ८००-८५० किलो. युरियाची ४५ किलोची एक गोणी मातीत मिसळल्यावर तिच्यातूनच ३३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाच गोण्यांचे दीडशेहून अधिक. सोयाबीन आपल्या मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतः बांधते, म्हणून त्याला युरिया फारसा लागत नाही, हे या पिकाचे बलस्थान. घरात वर्षाला आठ गॅस सिलिंडर लागले, तर प्रत्येकी ४२ किलोप्रमाणे साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. सगळे मिळून वर्षाला दीड टनाच्या आसपास. पाच माणसांचा एकूण वाटा आहे ८० टन. हे कुटुंब आपल्या वाट्याबाहेर गेले आहे असे कुणी म्हणू शकणार नाही.

कापूस निघाल्यावर पऱ्हाटी जाळली तर तिचा हिशेब यात का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. कारण त्या काड्यांतला कार्बन त्याच हंगामात त्या झाडाने हवेतून घेतलेला होता. पुढच्या वर्षी नवी पऱ्हाटी तो परत घेईल. डिझेलमधला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. तो वर आला की हवेतल्या साठ्यात कायमची भर पडते. याचा अर्थ पऱ्हाटी जाळणे चांगले असा नाही. तिच्या धुरातली काजळी आणि मिथेन वेगळे नुकसान करतात, आणि जमिनीला मिळू शकला असता तो सेंद्रिय भागही जातो. पण कार्बन बजेट खाणारी खरी गोष्ट म्हणजे जमिनीखालून वर काढलेले इंधन. गोठ्यातल्या म्हशीचे मिथेनही या टनांत थेट मोजत नाहीत. त्याचा परिणाम वर पाहिलेल्या वजाबाकीत, बाजूला काढलेल्या त्या एक दशांश अंशात बसतो. मिथेन हवेत दहा-बारा वर्षेच टिकते, म्हणून त्याची बेरीज करत बसता येत नाही.

या हिशेबातला खरा मोठा खर्च अजून व्हायचाच आहे. तो आहे घराचा. घरकुल योजनेतले लहान घर बांधायलाही सिमेंटची शंभरेक पोती लागतात असे धरले, तर ते झाले पाच टन सिमेंट. चुनखडी भाजताना दगडातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि भट्टीला कोळसा लागतो, त्यामुळे या पाच टनांमागे सुमारे तीन टन वायू हवेत जातो. टनभर लोखंडी सळया लागल्या तर आणखी दोन-अडीच टन. एका पक्क्या घराचे पाच-सहा टन. नीती आयोगाने २०१८मध्ये देशातले विकासात मागे पडलेले जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशीम हे चार जिल्हे घेतले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अजून घरे, रस्ते, पूल, दवाखाने बांधतो आहे. समृद्धी महामार्ग इथून गेला, पण गावागावातली कामे राहिलेली आहेत. ज्यांची घरे, कारखाने आणि रेल्वे शंभर वर्षांपूर्वीच बांधून झाल्या, त्यांचे सिमेंट-लोखंड कधीच जमा-खर्चात पडून गेले. वाशीमचे मात्र याच शेवटच्या सोळा टनांतून व्हायचे आहे.

इथे दुसरा हिशेब मांडावाच लागतो. तो मुंबईत फार आधी मांडला गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत टी. जयरामन, तेजल कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक कार्बन बजेटची देशांमध्ये वाटणी कशी व्हावी यावर काम केले, आणि जून २०१०मध्ये तिथे याच विषयावर परिषद भरली. २००९चे शोधनिबंध येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यांचे म्हणणे असे, की साठा जर मर्यादित असेल तर वाटणी आजच्या उरलेल्या दाण्यांची करून चालणार नाही. सुरुवातीपासून कुणी किती घेतले तेही धरायला हवे. हवेला तारीख कळत नाही. १८८० साली मँचेस्टरमधून सुटलेल्या टनाचाही आजच्या उष्णतेत वाटा आहे.

आयपीसीसीच्याच आकड्यांनी हा हिशेब करून पाहू. १८५० ते २०१९ या काळात जगाने सुमारे २,३९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यात उत्तर अमेरिकेचा वाटा २३ टक्के, युरोपचा १६ टक्के आणि साऱ्या दक्षिण आशियाचा ४ टक्के. दक्षिण आशियात जगातली जवळजवळ चौथा हिस्सा माणसे राहतात. २३ टक्के म्हणजे सुमारे ५५० अब्ज टन. आजच्या उत्तर अमेरिकेतल्या सदतीस-अडतीस कोटी लोकांत ते वाटले तर माणशी जवळपास दीड हजार टन. दक्षिण आशियात हाच आकडा माणशी पन्नास टनांच्या आसपास येतो. आजवर सोडलेले आणि आता उरलेले असे सगळे एकत्र करून आजच्या प्रत्येक माणसाला सारखे दिले असते, तर माणशी ३३० टन आले असते. पन्नास-साठ टन वापरून झालेल्या वाशीमकराचे न्याय्य येणे त्यामुळे सुमारे २७० टन निघते. जिल्ह्याचे मिळून ३२ कोटी टन. आणि प्रत्यक्षात शिल्लक आहेत सोळा टन, जिल्ह्याचे १ कोटी ९० लाख.

हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. कुणी फक्त सोळाचा आकडा सांगून वाशीमला म्हणेल की तुम्ही आता कोळसा सोडा, सिमेंट आखडा, सगळ्यांचे सारखेच; तर तो इतिहास लपवतो. कुणी फक्त दुसरा सांगून म्हणेल की आपले २७० टन बाकी आहेत, जाळा निवांत; तर तो हवेची मर्यादा लपवतो. हक्क खरा आहे, पण तो भरून देण्याएवढा साठा आता या हवेत उरलेला नाही. दुसऱ्याने आधीच जाळलेला टन परत मिळत नाही. भरपाई द्यायची असेल तर ती पैशाच्या, यंत्रांच्या, तंत्रज्ञानाच्या रूपानेच देता येईल. जयरामन-कानिटकरांच्या कामाचे महत्त्व मला इथे वाटते. हक्क टनांत मोजलेला असेल, तरच त्याच्या बदल्यात काय मागायचे ते ठरवता येते.

मर्यादा ओलांडली गेली तर पुढे काय, हेही त्याच सरळ प्रमाणातून कळते. एक दशांश अंश खाली उतरायचे असेल तर सुमारे २२० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून परत काढावा लागेल. म्हणजे आजच्या साऱ्या जगाच्या पाच वर्षांच्या उत्सर्जनाएवढा. गावाच्या गायरानात लावलेली झाडे चांगली असतात, सावली देतात, पाणी धरतात. पण ती वाढायला दशके घेतात, आणि वणवा किंवा कुऱ्हाड लागली की कार्बन परत हवेत जातो. त्यामुळे आज जळणाऱ्या कोळशाचा टन उद्याच्या झाडाच्या टनाबरोबर वजा करून शून्य दाखवणारे आराखडे वाचताना सावध असावे.

वाशीमच्या हातात जे आहे ते मुख्यतः विजेच्या बाजूला आहे. वर पाहिलेल्या शेतकरी कुटुंबाच्या हिशेबात निम्म्याहून अधिक भार मोटरच्या विजेचा होता, आणि ती वीज जिल्ह्याबाहेरच्या कोळशातून येते. ती वीज पुरवणारा फीडर सौर झाला, जसे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत अपेक्षित आहे, तर ८०० किलोंपैकी बहुतेक भाग जातो, आणि पाणी द्यायला रात्री साप-विंचवाच्या भीतीने जायचे तेही वाचते. वाचलेले ते टन घरकुलाच्या सिमेंटसाठी राहतात. निवड जिथे खरोखर करता येते ती जागा ही आहे. सोयाबीन उत्पादकाला ट्रॅक्टर सोडायला सांगण्यात काही अर्थ नाही.

राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात २०२०पासून ग्रामपंचायती आणि नगरपालिका गुण मिळवण्यासाठी आराखडे करतात. वाशीमच्या ज्या ग्रामपंचायतीत असा आराखडा होईल, तिथल्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यात गावाच्या लोकसंख्येला सोळाने गुणून येणारा आकडा लिहावा आणि त्याच पानावर शेजारी दोनशे सत्तरने गुणून येणारा आकडाही लिहावा. मर्यादा दीड अंश, शक्यता पन्नास टक्के आणि सुरुवात २०२५, हेही त्याखाली नोंदवावे. पुढच्या वर्षी नवा आकडा आला की पहिला बदलेल, आणि बहुतेक तो लहानच झालेला असेल.